पंगतीच्या गेमला हात नव्हते

आमच्या गेममधल्या एकाही पाहुण्याला हात नव्हते, आणि हे आमच्या लक्षात यायला कळमेश्वरचं एक लग्न जेवावं लागलं.

'आमचा गेम' असं मी पूर्ण हक्कानं म्हणते. कोड माझ्या मोठ्या भावाचं, म्हणजे विहंगदादाचं. चित्रं मयुराताईची, ती दादाची कॉलेजपासूनची मैत्रीण. आणि आवाज माझे. मी दहावीत आहे, पण गेममध्ये मी सासू आहे, मामा आहे, रडणारं बाळ आहे आणि ढेकरही मीच आहे. आमचा स्टुडिओ म्हणजे नागपूरच्या लकडगंजात मामाच्या लाकडाच्या वखारीवरची खोली. खाली आरा मशीन सुरू झाली की माझं रेकॉर्डिंग बंद. एका आजीच्या घासाघासाला मागून लाकूड चिरल्याचा आवाज येतो, तो तसाच ठेवलाय. कवळी म्हणून खपून जातो.

गेमचं नाव 'बसा, पान वाढलंय'. तुम्ही लग्नातले वाढपी. समोर पंगत. कोणाच्या पानातली भाजी संपली, कोणाला मठ्ठा हवा, ते बघून पळापळ करत वाढायचं. प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी, म्हणजे त्याचा धीर. उशीर केला की पट्टी लाल होते आणि पाहुणा उठून जातो. हा गेम बनवायला लोकांनी आधीच वर्गणी दिली होती. इंटरनेटवर तशी सोय असते. गेम कसा असेल ते सांगायचं, आवडलं तर लोक बनायच्या आधीच पैसे देतात. या लोकांना बॅकर म्हणतात. ज्यांनी जरा जास्त दिले त्यांचा चेहरा आम्ही पंगतीतल्या पाहुण्याला लावणार होतो. आणि बदल्यात दादानं सगळ्यांना दिवाळीची तारीख दिली होती.

तर कळमेश्वरचं लग्न. आमच्या इंदुमावशीच्या पुतण्याचं, नंतर सुट्टी मिळेना म्हणून चातुर्मासातच उरकलेलं. दादा, मी आणि मयुराताई एका ओळीत बसलो होतो. जिलबीवाला आला. दादा म्हणाला, "नको." जिलबीवाल्यानं वाढली नाही. तो सरळ पुढे गेला. केटररचा नवा पोरगा होता, टी-शर्टवर नाव वगैरे, एकदम फास्ट. मयुराताईला वाढली, मला वाढली, ओळ संपली, गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत दादा खिडकीतून बाहेर बघत होता. फेटरी गाव आलं तरी मान वळेना.

"काय झालं बे?" मयुराताईनं विचारलं.

"काही नाही."

"मग थोबाड काहून पाडलं?"

"जिलबी चांगली होती का?" दादानं विचारलं.

"तू नाही खाल्ली?"

"मी नको म्हटलं."

"मग?"

"मग काय मग! नको म्हटलं तर निघूनच गेला तो! एकदा तर विचारतेत ना माणसं! आपण का हॉटेलात बसलो होतो?"

मी मागच्या सीटवरून पुढे वाकले. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी ओरडलेच. "दादा! तुझी पट्टी हिरवी होती! तुले वेळेवर वाढायला आला, एक सेकंद उशीर नाही झाला, आणि तरी तू रुसून राहिला!"

मयुराताईनं गाडी बाजूला घेतली. मी आधी समजले की पंक्चर आहे. पण ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली होती. "आपण हॉटेलचा गेम बनवला, विहंग," ती म्हणाली. "वर्षभर बसून हॉटेलचा गेम बनवला आणि खाली सतरंज्या टाकल्या."

खरंच की. आमचे पाहुणे डोक्यावर फुगा आणून म्हणायचे, 'भाजी आणा! मठ्ठा आणा!' कोणता पाहुणा असं म्हणतो हो? पाहुण्याचं काम नको म्हणणं. वाढप्याचं काम ते नको खरं की खोटं हे ओळखणं. आणि ते कशावरून ओळखतात? चेहऱ्यावरून नाही, चेहरा सगळ्यांचा सारखाच सोज्वळ असतो. हातावरून. पानावर आडवा धरलेला हात, बोटं फाकलेली, मधून जिलबी आरामात जाईल एवढी फट, म्हणजे वाढा. बोटं जुळलेली, म्हणजे अजून दोनदा विचारा, मग वाढा. दोन्ही हात पानावर आणि वरून माणूसच आडवा, म्हणजे बिचारा खरंच भरलाय, सोडा त्याला.

"हौ, पण," मी म्हणाले, "आपल्या पाहुण्यांना हात कुठे आहेत?"

नव्हते. मयुराताईला हात काढायचा कंटाळा. खरं तर भीती. चित्रकारांना विचारा, सगळ्यांना असते. तिनं पहिल्या दिवसापासून सगळे पाहुणे पानाच्या मागे छातीपर्यंतच काढले होते. घास आपोआप तोंडाकडे उडत जायचा. लोकांना ते क्यूट वाटायचं.

पुढचे आठ-दहा दिवस खोलीत फक्त हात होते. मामाचे हात, मामाच्या हमालांचे हात, माझे हात. हे सगळं मजेचं होतं, एक गोष्ट सोडून. दिवाळी समोर आली होती.

"जुनाच काढू," दादा एका दुपारी म्हणाला. "डेट दिली आहे. डेट म्हणजे डेट. हात नंतर अपडेटमध्ये टाकू."

"आणि पहिल्या आठवड्यात लोक जे रिव्ह्यू लिहितील, ते कोण पुसणार?" मयुराताई म्हणाली. "नंतर हात लावले हे वाचायला कोणी परत येत नाही. आणि हात लावले म्हणजे झालं का? आपली प्रत्येक लेव्हल त्या पट्टीवर बसवली आहे. पट्टी काढली की सगळ्या लेव्हल पडल्या. परत बसवाव्या लागतील. मला होळीपर्यंतचा वेळ पाहिजे."

"बॅकर निघून जातील."

"कदाचित जातील."

"कदाचित नाही वं! बरेच गेले तर गेम बंद. मग मी हैदराबादच्या त्या नोकरीवर. बाबा तर ऑफर लेटरची प्रिंट काढून बसले आहेत."

ती प्रिंट मी पाहिली होती. बाबांनी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती, भिजू नये म्हणून. म्हणजे सगळं आता एका गोष्टीवर होतं: बॅकर लोकांना उशीर कसा सांगायचा. वर्गणीच्या वेबसाइटवरच्या आमच्या पानावर दर महिन्याला एक अपडेट टाकायचं असतं, खाली लोक कमेंट करतात. दादानं दोन दिवस दार लावून अपडेट लिहिलं. मी वाचलं. 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे सदर प्रकल्पाच्या प्रकाशनास विलंब होत असून आपणांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल…'

"दादा, हे तर बुधवारी पाणी येणार नाही असं वाटून राहिलं."

"मग तू लिही!"

त्याला वाटलं मी गप्प बसेन. मागच्या वर्षीची मी बसलेही असते. पण यंदा मी शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन केलंय, माईक बंद पडल्यावरसुद्धा. मी लिहिलं. मयुराताईनं त्याचं इंग्रजी केलं, कारण आमचे काही बॅकर पार बाहेरचे आहेत. ते असं होतं:

'मंडळी, गेम दिवाळीला येत नाही. होळीला येईल. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांना खालपर्यंत वाचावं लागणार नाही. पण वाचा.

आम्ही एका लग्नाला गेलो होतो. तिथे आमच्या प्रोग्रामरनं जिलबीला एकदा नको म्हटलं आणि त्याला ती मिळाली नाही. तो अजून दुःखात आहे. त्या दुःखातून आम्हाला कळलं की आमचा गेम चुकला होता. आमचे पाहुणे मागून खात होते. खरे पाहुणे मागत नाहीत. म्हणून धीराची पट्टी आम्ही काढून टाकली आहे. आता घड्याळ नाही. आता पाहुणा नको म्हणेल, आणि तुम्हाला ठरवायचं आहे की आग्रह करायचा की पुढे जायचं. प्रत्येक पाहुण्याच्या पोटात किती जागा आहे आणि त्याला किती आग्रह हवा आहे, हे दोन आकडे गेमच्या पोटात लपलेले आहेत. तुम्हाला ते दिसणार नाहीत. तुम्हाला फक्त त्याचा हात दिसेल आणि आवाज ऐकू येईल. कमी आग्रह केलात तर तो उपाशी उठेल आणि पुढच्या लग्नात त्याची आठवण काढेल. जास्त केलात तर पान टाकेल, आणि यजमानीणबाई तुमच्याकडे बघतील. आम्ही ते बघणं रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला, पण बघण्याला आवाज नसतो.

अडचण अशी की आमच्या पाहुण्यांना हात नव्हते. एकालाही. आता प्रत्येकाला काढतोय, आणि हात हलले पाहिजेत. पहिली पंगत नव्या पद्धतीनं पूर्ण झाली आहे, ती तुम्हाला या महिन्यात खेळायला मिळेल. बाकीच्या पंगती आणि सगळे "नको" बाकी आहेत. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी सांगावं, पैसे परत करू, राग धरणार नाही. ज्यांचा चेहरा पंगतीत येणार आहे त्यांनी एक कळवा: तुम्ही नको कसं म्हणता? खरं सांगा. तुमचा पाहुणा तसंच म्हणेल.

– भैरवी (आवाज, ढेकर आणि आता हे)'

रविवारी सकाळी टाकलं. दादा खाली वखारीत जाऊन लाकडं मोजायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली कमेंट बंगळूरहून, ऋतुजा नावाच्या बॅकरची. 'मी "बास बास बास" म्हणते आणि वाटी पुढे करते. होळी चालेल.' मग इंदूरचे एक: 'मी नको म्हणत नाही, डॉक्टरांचं नाव सांगतो.' मग एकीनं लिहिलं की तिचे सासरे हातानं नको म्हणतात आणि डोळ्यांनी भांड्यात बघतात, हे गेममध्ये येईल का? मयुराताई म्हणाली, "डोळे फुकट आहेत, डोळे मी कितीही काढीन!" मी वरून ओरडून दादाला एकेक वाचून दाखवत होते. खाली आरा मशीन बंद ठेवून मामाचे हमालही ऐकत होते.

आणि मग सावनेरचे वसंतराव आले.

वसंतराव आम्हाला सगळ्यांना पाठ होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आमचे अगदी पहिल्या दिवसापासूनचे बॅकर, चेहरावाले. प्रत्येक अपडेटखाली त्यांची पहिली कमेंट, आणि ती तक्रारच. मठ्ठ्याचा रंग चुकला. पुरी फारच गोल आहे. आज लिहिलं होतं: 'दिवाळी म्हणजे दिवाळी. मला नको तुमचा गेम. पैसे परत करावे.'

दादा वर आला होता. त्याचा चेहरा उतरला. "पाह्य, झाली सुरुवात."

"काही सुरुवात नाही," मी म्हणाले. मी एकदम फॉर्मात होते. मी ताबडतोब टाइप केलं: 'नक्कीच काका! आजच परत करतो. आजवरच्या साथीबद्दल मनापासून आभार!' आणि दादाला म्हणाले, "पाठव पैसे. आत्ता. लोकांना दिसू दे आपण शब्दाचे पक्के आहोत."

दादानं पाठवले. मी हात झटकले. किती प्रोफेशनल! गॅदरिंगच्या बाईंनी पाहायला हवं होतं.

मी चहा घेऊन आले तर वसंतरावांची नवी कमेंट: 'पैसे मिळाले. आश्चर्य आहे.'

त्याच्या खाली: 'लगेच पाठवले.'

त्याच्या खाली: 'ठीक आहे.'

मयुराताई स्क्रीनकडे बघत होती. "भैरवी," ती हळूच म्हणाली, "हे रुसले का वं?"

"काहून रुसतील? मागितले, दिले."

मग पुण्याचा एक जण आला: 'वसंतकाका चालले? मग मीपण विचार करतोय.' मग अजून एक: 'काका नाहीत तर कमेंट वाचायला मजा नाही.' दादा खुर्चीत बसला आणि मोबाइलवर हैदराबादच्या गाड्या बघायला लागला. खरंच! माझ्यासमोर!

आणि मग बंगळूरच्या ऋतुजानं एकच ओळ लिहिली. 'ज्यांनी अपडेट लिहिलं त्यांनी एकदा अपडेट वाचावं.'

मी वाचलं. माझंच होतं, तरी नीट वाचलं. 'कमी आग्रह केलात तर तो उपाशी उठेल.' माझे कान असे तापले की हेडफोन काढावे लागले. मी तो जिलबीवाला होते! काकांनी एकदा नको म्हटलं आणि मी टी-शर्ट घालून सरळ पुढे गेले होते!

"नंबर आहे का त्यांचा?"

होता. चेहऱ्याचा फोटो पाठवताना त्यांनी नंबर, पत्ता आणि घराजवळची खूणही दिली होती. मी फोन लावला.

"हॅलो काका, मी भैरवी, नागपूरहून. गेमवाली."

"पैसे भेटले," पलीकडून आवाज आला. "पावती पाहिजे का?"

"नाही काका. तुम्ही थांबा असं म्हणायला फोन केला."

"आता काहून? तवा तर लगेच पाठवले."

"चुकलं माझं. तुमच्या जागेवर कोणी नाही बसणार, काका. पान मांडलेलं आहे."

"उचला पान."

"पंगत बसली आहे. मधलं पान कसं उचलू? तुमच्या या बाजूला डॉक्टरांचं नाव सांगणारे इंदूरचे आहेत, त्या बाजूला एक सासरे. मध्ये रिकामं पान दिसेल."

ते म्हणाले, "रिकामं पान बरं नाही दिसत."

"मग थांबा ना होळीपर्यंत."

"नाही. होळी लय दूर आहे. नकोच मले."

मयुराताई माझ्या कानाशी कान लावून ऐकत होती. हे नको कोणतं? बोटं फाकलेलं की जुळलेलं की माणूस आडवा? कळेना! फोनवर हात दिसत नाही!

"काका," मी म्हणाले, "मी व्हिडिओ कॉल लावते."

त्यांनी घेतला. आधी नुसतं कपाळ आलं. मग पंखा. मग मागून एका बाईंचा आवाज, "अहो, दूर धरा जरा! तिले काय नाकाचे केस दाखवता?" मग वसंतराव आख्खे दिसले, खुर्चीत, बनियनवर, मागे पदरानं तोंड पुसत त्यांच्या पत्नी, तुळजाबाई.

"काका, नमस्कार. होळीपर्यंत थांबा."

"नाही म्हटलं ना, पोरी." आणि त्यांनी हात आडवा केला. बोटं जुळलेली.

"बरं, होळी नको. पहिली पंगत याच महिन्यात पाठवते. तेवढी तर खेळा."

"नाही, नाही." बोटं जरा सैल.

"तेवढीच. एकच पंगत."

"एक खेळली का दुसरी लागते. नको."

"मग अर्धी खेळा. मठ्ठा येईपर्यंत."

"मठ्ठ्याचा रंग तुम्ही अजून नाही बदलला," ते म्हणाले, आणि हात पुन्हा वर केला, आणि मी आणि मयुराताईनं एकाच वेळी पाहिलं. बोटांच्या मधून मागच्या तुळजाबाई दिसत होत्या. आख्ख्या! पदरासकट!

"हलू नका, काका!" मयुराताई किंचाळली आणि तिनं पेन्सिल उचलली. "हात तसाच! तसाच ठेवा!"

"काय झालं?" वसंतराव घाबरले. पण हात खाली घेतला नाही.

"अहो, हेच तर यांचं," तुळजाबाई हसत म्हणाल्या. "आमच्या लग्नात असाच हात धरून बसले होते. माह्या बापानं बारा बुंदीचे लाडू टाकले त्या फटीतून. सगळे गेले."

"बारा नाही," काका म्हणाले.

"मोजत मी होती."

मयुराताईचा हात भराभर चालला होता. पंधरवड्यात तिच्याकडून एक हात तिच्या मनासारखा निघाला नव्हता, आणि हा पाच मिनिटांत निघाला, करंगळीवरच्या अंगठीसकट. तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. वसंतरावांनी चष्मा लावला, जवळ आले, परत नुसतं कपाळ दिसलं.

"अंगठी अशी नाही," कपाळ म्हणालं. "खडा लाल आहे."

"करते लाल."

"आणि मठ्ठा?"

"मठ्ठा पण."

"मग ते पैसे परत घ्या," वसंतराव म्हणाले. "पोराले द्या फोन. ज्याले जिलबी नाही भेटली त्याले."

मी मोबाइल दादाकडे वळवला. दादा गाड्यांचं पान बंद करून उभा राहिला, केस नीट केले. इतके महिने ज्यांच्या कमेंटला तो घाबरत होता, ते समोर बनियनवर बसले होते.

"कुठे पाठवू पैसे?" त्यांनी विचारलं.

आणि माझ्या भावानं काय करावं? "नको, नको काका," तो म्हणाला. "राहू द्या. तुम्ही फक्त खेळा. पैसे नको." आणि चक्क हात आडवा केला.

"बरं," वसंतराव म्हणाले. "राहू देतो मग."

दादाचा चेहरा मी सांगू शकत नाही. कळमेश्वरहून येताना होता तोच. मयुराताईनं तोंडात पेन्सिल घातली. खाली आरा मशीन पुन्हा सुरू झाली.

"अहो," मागून तुळजाबाई म्हणाल्या, "त्या पोराच्या बोटांकडे तर पाहा."

वसंतरावांनी फोन जवळ घेतला, चष्म्यावरून पाहिलं आणि इतके हसले की फोन हलून परत पंखा दिसायला लागला. पंख्यामागून त्यांचा आवाज आला, "घे रे बाबा, घे. लाजू नको. अर्धे तर घे."

"नको काका," दादा म्हणाला. त्याची बोटं आता इतकी फाकली होती की मधून मी जाऊ शकले असते.

"एवढे तर घे. माह्या शब्दाखातर."

"बरं," दादा म्हणाला. "तुम्ही इतकं म्हणून राहिले तर…"

पैसे आले. वसंतरावांनी मागच्यापेक्षा थोडे जास्तच पाठवले होते, खाली लिहून: 'तुळजाबाईचा पण चेहरा बसवावा. माझ्या शेजारी नको.' पाच मिनिटांनी दुसरा मेसेज: 'शेजारीच बसवा.'

मी अपडेटखाली कमेंट टाकली: 'वसंतकाका बसले आहेत.' पुण्याचा तो लगेच म्हणाला, 'मग मी कुठे चाललो होतो?' दादानं कीबोर्ड ओढला आणि तुळजाबाईंसाठी एक जागा सरकवायला बसला. मी खाली ओरडून मामाला आरा मशीन बंद करायला सांगितलं, खिडकी लावली, हेडफोन लावले आणि वसंतरावांचं पहिलं नको माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं. मयुराताईनं ऐकलं आणि नापसंतीनं मान हलवली.

"हे नको तर खरं वाटून राहिलं वं," ती म्हणाली. "परत म्हण."